मॉनिटरचा दिवा लुकलुकतो, पण पडदा उठत नाही: बोर्ड गेलाय की नुसती झोप लागलीय?

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. सीपीयू चालू आहे, फॅनचा आवाज येतोय, मॉनिटर मात्र काळाच. खालचा छोटा दिवा तेवढा लुकलुकतोय. माउस हलवला, कीबोर्ड बडवला, काही फरक नाही. मग कुणीतरी सांगतो की विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारून घ्या. दुसरा सांगतो की बोर्ड गेला, नवा मॉनिटर बघा. दोघंही बरोबर असू शकतात आणि दोघंही चूक. म्हणून खर्चाच्या आधी दहा मिनिटांची तपासणी करायची. तिला ना सोल्डरिंग गन लागते, ना मीटर.

लुकलुकणारा दिवा दोन अगदी वेगळ्या गोष्टींमुळे दिसतो. एकात मॉनिटर ठणठणीत असतो. त्याला केबलमधून चित्राचा सिग्नल मिळत नाही, म्हणून तो वीज वाचवायला झोपलेला असतो, आणि बऱ्याच कंपन्या ही झोप दाखवायला दिवा मुद्दाम मिचकावतात. दुसऱ्यात मॉनिटरला उठायचं असतं, पण आतला पॉवर बोर्ड पुरेसा व्होल्टेज धरून ठेवू शकत नाही. मॉनिटर सुरू व्हायला जातो, कोसळतो, पुन्हा सुरू व्हायला जातो. प्रत्येक प्रयत्नाला दिवा एकदा लागतो आणि विझतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

दिवा मुळीच लागत नसेल तर गोष्ट तिसरीच. तेव्हा वायर, फ्यूज किंवा बोर्डाची मेन लाइटकडची बाजू बघावी लागते, आणि या लेखाचा उपयोग होणार नाही. दिवा लुकलुकतोय याचाच अर्थ फ्यूज शाबूत आहे आणि वीज निदान आतपर्यंत पोचतेय.

आधी केबल काढा

मॉनिटरच्या मागची चित्राची केबल, म्हणजे व्हीजीए, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट जी असेल ती, मॉनिटरकडून पूर्ण काढा. सीपीयूकडचं टोक काढून चालणार नाही, कारण काही मॉनिटर नुसती लोंबकळती केबल लागलेली असली तरी काही न बोलता पुन्हा झोपतात. आता मॉनिटरची मेन वायरही भिंतीतून काढा. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पाच मिनिटं थांबा, मग फक्त मेन वायर लावून बटण दाबा.

चांगला मॉनिटर अशा वेळी स्वतःची ओळख देतो. आधी कंपनीचं नाव येतं, मग No Signal किंवा Check Cable अशी पाटी पडद्यावर काही सेकंद दिसते आणि नंतर तो झोपतो. ही पाटी मॉनिटर स्वतः तयार करतो, तिच्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. पाटी स्वच्छ दिसली तर पॉवर बोर्ड, मागचा उजेड आणि पडदा तिन्ही काम करतायत. मॉनिटर उघडायचा विचार सोडा, दोष केबलमध्ये, सीपीयूमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे.

पाटी आली नाही आणि दिवा तसाच लुकलुकत राहिला तर संशय पॉवर बोर्डावर जातो. खात्रीसाठी आणखी एक बघा: लुकलुकत असताना पॉवरचं बटण दाबा. नुसता झोपलेला मॉनिटर बटणाचं ऐकतो. एकदा दाबलं की दिवा विझतो, पुन्हा दाबलं की लागतो. बोर्ड बिघडलेला असेल तर बटण दाबा नाहीतर सोडा, लुकलुक चालूच राहते. आतली मुख्य चिप दर वेळी जागी व्हायच्या आतच पडते, मग बटण दाबलेलं तिला कळणार कसं? खोलीतला पंखा बंद करून कान मागच्या जाळीपाशी नेला तर कित्येकदा दिव्याच्या तालावर टिक-टिक असा बारीक आवाजही ऐकू येतो. झोपेतली लुकलुक संथ आणि एकसारखी असते. बिघाडातली जलद असते किंवा ताल चुकत जाते.

अर्धा मिनिट बटण दाबून धरायला का सांगितलं? लाइट दोन-तीनदा पटकन गेली-आली की मॉनिटरची मुख्य चिप कधीकधी अडकून बसते. आतला विजेचा साठा पूर्ण रिकामा झाला की ती नव्याने सुरू होते. एवढ्यानेच मॉनिटर उठला तर चांगलंच, मात्र वरचेवर तसं करावं लागत असेल तर बोर्डाकडे लक्ष द्यायला हवं.

पाटी दिसली तर: झोपेचा घोळ

आता केबल परत लावा आणि कीबोर्डवरचं Num Lock दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर जागा आहे आणि फक्त चित्र पाठवत नाहीये. Num Lock हलत नसेल तर कॉम्प्युटर स्वतःच झोपलाय किंवा सुरूच झालेला नाही. मग सीपीयूचं पॉवर बटण एकदा हलकेच दाबायचं. रॅम सैल झाली असली तरी नेमकं असंच होतं: फॅन फिरतो, चित्र नाही, आणि बिचाऱ्या मॉनिटरवर आळ येतो.

कॉम्प्युटर जागा असेल तर Win + Ctrl + Shift + B या चार कळा एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. पडदा यायचा असेल तर काही सेकंदांत येतो. तरी आला नाही तर केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा आणि जमलं तर दुसऱ्या प्रकारची केबल लावून बघा. सीपीयूला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डातच आहे ना, मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये नाही ना, तेही पाहून घ्या. टेबल पुसायला सीपीयू सरकवला की ही अदलाबदल हमखास होते.

खरी गंमत मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत असते. अलीकडच्या मॉनिटरमध्ये Deep Sleep किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. तो चालू असला की मॉनिटर इतका गाढ झोपतो की केबलवरची आपली हजेरीही काढून घेतो. कॉम्प्युटरला वाटतं की मॉनिटर काढून नेला, म्हणून तो चित्र पाठवणं थांबवतो. मॉनिटर चित्राची वाट बघतो, कॉम्प्युटर मॉनिटरची. डिस्प्लेपोर्टवर हे जास्त होतं. उपाय साधा आहे: मेनूत जाऊन Deep Sleep बंद करा, आणि इनपुटचा पर्याय Auto वर असेल तर जी केबल वापरता तीच कायमची निवडून ठेवा. Auto वर ठेवलेला मॉनिटर कधीकधी रिकाम्या सॉकेटवर सिग्नल शोधत बसतो आणि तोवर झोपेची वेळ होते.

विंडोजमध्ये झोपेचाच दोष आहे का हे ठरवायला झोप काही दिवस बंद ठेवून बघणं सगळ्यात सोपं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे टाका:

```
powercfg /change monitor-timeout-ac 0
powercfg /change standby-timeout-ac 0
powercfg /hibernate off
```

पहिल्या ओळीने पडदा बंद होणं थांबतं, दुसरीने कॉम्प्युटरची झोप, आणि तिसरीने हायबरनेट व त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं. आता त्रास थांबला तर दोष झोपेतून उठण्यात होता. मग पहिल्या दोन ओळींत शून्याच्या जागी 15 आणि 30 असे मिनिटांचे आकडे टाकून एकेक परत चालू करा, म्हणजे नेमकं कशाने अडतं ते कळेल. त्रास थांबला नाही आणि सकाळी पहिल्यांदा चालू करतानाच अडत असेल, तर विंडोजचा संबंध नाही. विंडोज अजून सुरूच व्हायचं असतं, तोवर मॉनिटरने निदान कंपनीचं नाव तरी दाखवायला हवं की!

पाटी दिसली नाही तर: बोर्डात काय होतं

मॉनिटरच्या आत सहसा दोन बोर्ड असतात. एकात मेन लाइट येते, तो पॉवर बोर्ड. दुसऱ्यात चित्राच्या केबली लागतात, तो मुख्य बोर्ड. पॉवर बोर्ड २३० व्होल्टचे छोटे डीसी व्होल्टेज करतो: मुख्य बोर्डासाठी बहुधा ५ व्होल्ट, आणि मागच्या उजेडासाठी १२ ते १८ व्होल्टच्या आसपास. हे व्होल्टेज सपाट ठेवायचं काम करतात ते उभे गोल डब्यासारखे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्यांच्या आत ओला द्राव असतो. बंद पेटीतल्या उष्णतेने तो वर्षानुवर्षं हळूहळू आटतो आणि कपॅसिटरचा आतला अडथळा वाढत जातो. दुकानदार त्याला ईएसआर म्हणतात.

अडथळा वाढला की काय होतं? गाडीची बॅटरी उतरली की हेडलाइट लागतो, पण सेल्फ मारला की मंद होतो आणि इंजिन नुसतंच टक-टक करतं, तसंच. लोड नसताना ५ व्होल्ट दिसतात, मुख्य बोर्डाने करंट ओढला की ते कोसळतात, बोर्ड बंद पडतो, लोड गेल्यावर व्होल्टेज पुन्हा चढतं. हा फेरा म्हणजेच ती लुकलुक.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण निदान तिच्यावरच उभं आहे. कपॅसिटरचा हा अडथळा थंडीत वाढतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. म्हणून बोर्ड जात आला की आधी सकाळी मॉनिटर एक-दोन मिनिटं उशिरा उठतो. काही महिन्यांनी दहा मिनिटं लागतात, मग अर्धा तास. एकदा उठला की दिवसभर कुरकुर नाही. झोपेच्या सेटिंगचा दोष असा चढत्या क्रमाने येत नाही. तो एखाद्या अपडेटनंतर, नवी केबल लावल्यावर किंवा मेनूत हात लागल्यावर एकदम येतो आणि सकाळ-दुपार सारखाच छळतो. त्यामुळे माणूस मॉनिटर घेऊन आला की आधी विचारायचं ते हेच: गेल्या वर्षभरात उठायला उशीर वाढत गेला का?

खानापूरचं एक झेरॉक्स सेंटर

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला बसस्टँडच्या बाजूला एका वहिनींचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा नव्हे, इकडे उतारा. तो काढायचा, अर्ज भरायचे, मराठीत लग्नपत्रिकेचा मजकूर आणि कानडीत सरकारी फॉर्म, असं दिवसभर चालू. त्यांचा एकोणीस इंची जुना मॉनिटर जुलैत बंद पडला. जांबोटीकडून पावसाने तारा तुटल्या होत्या, दीड दिवस लाइट नव्हती. लाइट आली आणि मॉनिटर लुकलुकत बसला.

"दादा, लाइट जास्त व्होल्टेजची आली बघा, त्यात गेला," त्या म्हणाल्या. आजूबाजूला सगळ्यांचं हेच मत होतं.

"त्याआधी लगेच उठायचा का?" मी विचारलं.

"उठायचा की. म्हणजे, आम्ही बंदच करत नव्हतो. बंद केला की सकाळी लवकर येत नाही, म्हणून रात्रीही चालूच ठेवायचो."

उत्तर त्यातच होतं. कपॅसिटर केव्हाच थकले होते, पण बोर्ड रात्रंदिवस चालू राहून ऊबदार होता म्हणून कसाबसा निभावत होता. दीड दिवस लाइट गेली, पावसाळी गारव्यात बोर्ड पूर्ण थंड झाला आणि नंतर उठायची ताकद राहिली नाही. लाइट जास्त व्होल्टेजने येऊन मॉनिटर जातात हे खरं आहे, पण तेव्हा बहुधा फ्यूज उडतो आणि दिवा मुळीच लागत नाही. इथे दिवा लागत होता. पश्चिम घाटाच्या कडेच्या आपल्या भागात पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या सकाळी असे मॉनिटर जास्त अडतात, त्याचं कारण पुष्कळदा हा गारवाच असतो.

केबल काढून बघितलं, पाटी नाही. बटण दाबलं, लुकलुक थांबली नाही. मग मेन वायर काढून मागच्या जाळीतून हेअर ड्रायरने मध्यम गरम हवा पाच मिनिटं दिली आणि वायर लगेच लावली. चार-पाच वेळा लुकलुकून दिवा स्थिर झाला आणि No Signal ची पाटी आली. ड्रायरची ही परीक्षा नवख्यानेही करावी. फक्त वायर काढलेली असावी, हवा मागून द्यावी, काचेच्या बाजूने नाही, आणि प्लास्टिक हाताला चटका लागेल एवढं तापवू नये. गरम केल्यावर उठला, थंड झाल्यावर पुन्हा अडला, तर दोष कपॅसिटरचा हे जवळजवळ नक्की.

उघडल्यावर ५ व्होल्टच्या बाजूचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले. दोन्हींवर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट असं लिहिलेलं. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं आणि त्यावर फुलीसारखी खाच असते. इथे ती खाच वर आली होती, आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग होता. मुख्य बोर्डाकडे जाणाऱ्या कनेक्टरवर मीटर धरला तर ५ व्होल्टच्या जागी काटा दिव्याच्या तालावर साडेतीन ते साडेचारच्या मध्ये नाचत होता.

उघडायचं असेल तर

इथपर्यंतचं सगळं कुणीही करावं. यापुढचं काम ज्याला सोल्डरिंग येतं त्याचंच आहे. बोर्डावर मेन लाइटच्या बाजूला एक मोठा जाड कपॅसिटर असतो, त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं. चालू असताना त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतं. हा झटका जिवावर बेतू शकतो. फुगलेले कपॅसिटर बदलणं मात्र जाणत्या मेकॅनिकसाठी तासाभराचं काम आहे. तुम्ही स्वतः करणार नसलात तरी पुढचं वाचून ठेवा, म्हणजे दुकानात काय विचारायचं ते कळेल.

वायर काढा, पॉवरचं बटण दाबून सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. स्टँड आणि मागचे स्क्रू काढून मॉनिटर जाड चादरीवर पालथा ठेवा, चौकटीच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत खटके एकेक सोडवा. स्क्रू-ड्रायव्हर घुसवला की काच जाते, आणि काच गेली की रिपेरीला अर्थ उरत नाही. पत्र्याचं झाकण काढायच्या आधी उजेडाच्या नळ्यांकडे जाणारे छोटे कनेक्टर आणि मुख्य बोर्डाकडची पट्टी हळूच सोडवा. प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा.

बोर्डाला हात लावायच्या आधी मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांत मोजा. दहा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर होल्डरला लावलेला साधा ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब त्या पायांना काही सेकंद धरा आणि पुन्हा मोजा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय दुकानांत दिसते, ती उचलू नका. ठिणगीने बोर्डाचा ट्रॅकही जातो.

आता बोर्डावरचा ट्रान्सफॉर्मर बघा. त्याच्या एका बाजूला तो मोठा कपॅसिटर आणि मेन लाइट, दुसऱ्या बाजूला कमी व्होल्टेजचा भाग. बहुतेक बोर्डांवर मध्ये रेषही मारलेली असते. आपल्याला हवे ते कमी व्होल्टेजच्या बाजूचे, उष्णता पसरवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीशेजारचे चार-सहा कपॅसिटर. फुगलेले दोनच दिसले तरी त्या बाजूचे सगळे बदला. सगळ्यांनी तीच उष्णता खाल्लेली असते, आणि डोकं सपाट असलेलाही आतून आटलेला असू शकतो. साधा मीटर अशा कपॅसिटरची क्षमता बरोबर दाखवतो आणि फसवतो. ईएसआर मीटर असेल तर तोच खरं सांगतो.

दुकानात मागताना नुसतं "हजार-सोळा द्या" म्हणू नका. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी जास्त, तापमान १०५ डिग्री, आणि लो-ईएसआर जातीचा. साधा ८५ डिग्रीचा लावला तर मॉनिटर त्या दिवशी सुरू होईल आणि काही महिन्यांत पुन्हा लुकलुकायला लागेल. व्होल्टेज वाढलं की डबाही जाड आणि उंच होतो, म्हणून जुना कपॅसिटर सोबत न्या आणि बाजूला धरून बघा. मॉनिटरचं पोट पातळ असतं, उंच डबा लागला तर झाकण बसत नाही. वहिनींच्या मॉनिटरमध्ये २५ व्होल्टचे घालायचे होते, पण जाडी जास्त भरली, म्हणून १६ व्होल्टचेच लो-ईएसआर लावले. ५ व्होल्टच्या लाइनला १६ व्होल्ट भरपूर होतात. बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सुटे मिळतात आणि खर्च बहुतेक वेळा मजुरीचाच होतो.

जुना काढताना त्याच्या अंगावरची पट्टी कुणीकडे आहे ते फोटोत नीट दिसू द्या. पट्टीचा पाय म्हणजे ऋण. बोर्डावर ऋण बाजू सहसा भरीव रंगाने दाखवतात, पण काही बोर्डांवर खूण उलटी असते, म्हणून भरवसा फोटोवर. उलटा लावलेला कपॅसिटर चालू केल्यावर फुटू शकतो. चिकट डाग स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर तो हळूहळू ट्रॅक खातो.

सगळं बदलूनही लुकलुक राहिली तर मेन लाइटच्या बाजूला, छोट्या चिपजवळ, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा बारीक कपॅसिटर असतो. तो चिपला सुरुवातीची वीज पुरवतो. तो आटला की बोर्ड नुसता टिक-टिक करतो. दिसायला एवढासा असल्याने त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि तो फुगतही नाही. तोही बदलून भागलं नाही तर मुख्य बोर्डाचा कनेक्टर काढून ५ व्होल्ट मोजतात. चालू बोर्डावरचं हे मोजमाप मेकॅनिकनेच करावं. काढल्यावर ५ व्होल्ट स्थिर आले आणि लावल्यावर कोसळले, तर शॉर्ट मुख्य बोर्डात आहे. मुख्य बोर्ड जोडलेला असताना ५ व्होल्ट पक्के, दिवा तरीही लुकलुकतोय, तर दोष मुख्य बोर्डाच्या चिपमध्ये किंवा तिच्या आतल्या प्रोग्राममध्ये. जुन्या मॉनिटरला असा बोर्ड शोधत बसण्यापेक्षा थांबलेलं बरं.

बाहेरचा ॲडॉप्टर असलेल्या पातळ मॉनिटरचं काम मात्र सोपं आहे, कारण थकणारा पॉवर बोर्ड त्या डब्यातच असतो. डब्यावर लिहिलेले व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिन तीच आणि धन-ऋणची खूणही तीच, असा दुसरा ॲडॉप्टर शेजाऱ्याकडून मागून लावून बघा. १२ व्होल्टच्या मॉनिटरला पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावू नका.

वहिनींचा मॉनिटर कपॅसिटर बदलल्यावर लगेच उठला आणि ५ व्होल्टची लाइन ५.१ वर स्थिर राहिली. तरी त्या दिवशी परत दिला नाही. गरम बोर्डावर घेतलेली चाचणी कपॅसिटरच्या बाबतीत धरता येत नाही. वायर काढून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी, ड्रायर न लावता, थंडच चालू करायचा. दिवा न लुकलुकता पाटी आली तर काम झालं. आली नाही तर तो बारीक कपॅसिटर अजून जुनाच आहे का ते बघा.